जळजळ मिसळीची की सिगरेटची?

छातीत जळजळ सुरू झाली की आपण आधी ताटाकडे बोट दाखवतो. मिसळ जास्त झाली, वांग्याचं भरीत बाधलं, रात्री उशिरा जेवलो, चहा फार कडक झाला होता. मग घरातलं कोणीतरी थंड दुधाचा पेला पुढे करतं, कोणी आवळासुपारी देतं. जेवल्यावर टपरीवर उभं राहून ओढलेली सिगरेट या आरोपींच्या यादीत सहसा नसते. उलट ‘जेवणानंतर एक ओढली की अन्न खाली उतरतं’ अशीच समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात घडतं ते नेमकं उलटं. त्या सिगरेटीमुळे पोटातलं वर चढायला वाट मोकळी होते.

हे कसं होतं ते पाहण्यासाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. माणूस काल्पनिक आहे, पण अशी माणसं कुठल्याही पोटविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली दिसतील. वय ४५. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम. उंची पाच फूट सात इंच, वजन ६४ किलो, म्हणजे अंगाने शिडशिडीतच. दिवसाला १२ सिगरेटी. पहिली सकाळी उठल्यावर उपाशीपोटी चहाबरोबर, एक बसस्टॉपवर, मग चहाच्या सुट्ट्या, दुपारचं जेवण, आणि शेवटची रात्री साडेनऊच्या जेवणानंतर खाली उतरून. सव्वादहाला अंथरुणावर. पाठ टेकली की छातीच्या हाडामागे आग, तोंडात आंबट पाणी. उशाशी अँटासिडची पट्टी. गेली दोन वर्षं पॅन्टोप्राझोलची गोळी रोज चालू आहे, तीही नाश्ता झाल्यावर आठवेल तेव्हा. ‘गोळी घेतो तोवर बरं वाटतं’ असं तो सांगतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं तीन-चार सेंटिमीटर लांबीचं एक कडं असतं. बोलताना त्याला झडप म्हणतात. घास खाली येताना हे कडं सैल पडतं, एरवी आवळलेलं राहतं. जठराला आतून चिकट श्लेष्माचं अस्तर असल्यामुळे ते तीव्र आम्ल सहन करू शकतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. म्हणून आम्ल जठरात असताना आपल्याला त्याची जाणीवही नसते, आणि तेच दोन-चार घोट वर आलं की आग होते. निरोगी माणसाचंही कडं दिवसातून अनेकदा थोडा वेळ सैल पडतं, जेवल्यावर जास्तच, आणि थोडं आम्ल वर येतं. प्रश्न असतो तो किती वेळा येतं आणि वर आल्यावर किती वेळ तिथे राहतं याचा. सिगरेट या दोन्ही ठिकाणी बिघाड करते, आणि हे दोन बिघाड वेगवेगळे समजून घेतले तर सिगरेट सोडल्यावर काय सुधारतं आणि काय नाही, ते आपोआप उलगडतं.

पहिला बिघाड कड्याचा. १९७१ साली अमेरिकेत डेनिश आणि कॅस्टेल या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. अन्ननलिकेत बारीक नळी सोडून कड्याचा दाब मोजत ठेवला आणि माणसाला सिगरेट ओढायला दिली. सिगरेट पेटली की काही मिनिटांत दाब उतरायचा, आणि संपली की थोड्या वेळाने पुन्हा पूर्वपदावर यायचा. हे काम मुख्यतः निकोटिनचं. ते रक्तातून त्या स्नायूपर्यंत पोचतं आणि त्याची आवळ कमी करतं. आपल्या लेथवाल्याच्या हिशेबात हे दिवसातून १२ वेळा होतं, आणि त्यातल्या निदान दोन वेळा तर जठर जेवणाने भरलेलं असतानाच.

पण निव्वळ सैल कडं पुरेसं नाही. आम्ल वर चढायला खालून दाब किंवा वरून ओढ लागते. १९९० साली शिकागोच्या पीटर कारिलास आणि गुप्ता यांनी सिगरेट ओढणाऱ्यांच्या अन्ननलिकेतली आम्लता आणि दाब एकाच वेळी नोंदवले. आम्ल वर येण्याच्या क्षणी माणूस बऱ्याचदा खोकत होता किंवा खोल श्वास घेत होता, असं त्यांना दिसलं. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो. खोल झुरका घेताना छातीतला दाब उतरतो आणि आतला द्रव वर ओढला जातो. एरवी घट्ट कडं हा धक्का सहज पेलतं, निकोटिनने ढिलं झालेलं पेलत नाही. सिगरेट ओढणाऱ्याची ती सकाळची ठसक, जिला तो ‘नेहमीचा कफ’ म्हणतो, ती अशा रीतीने छातीतल्या आगीलाही हातभार लावते. विडी ओढणाऱ्याला तर ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोर लावून ओढावं लागतं.

दुसरा बिघाड लाळेचा, आणि माझ्या मते हाच जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण याचा कोणी विचारच करत नाही. चिंचेचा कोळ काढून भांडं उपडं केलं तरी भांड्याला आंबटपणा चिकटून राहतो, तो जायला पाणी फिरवावं लागतं. अन्ननलिकेचं तसंच आहे. वर आलेलं आम्ल एक-दोन वेळा गिळलं की जवळजवळ सगळं खाली जातं, पण भिंतीला लागलेला पातळ थर तिथेच राहतो. तो मारते लाळ. आपण दिवसाला सुमारे एक लिटर लाळ गिळतो, आणि तिच्यात बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातलाच आम्लविरोधी घटक असतो. प्रत्येक गिळण्याबरोबर तो थर थोडा थोडा निवळत जातो.

त्याच कारिलास आणि गुप्ता यांनी १९८९ साली धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्या अन्ननलिकेत थोडं आम्ल सोडून ते निवळायला किती वेळ लागतो ते मोजलं. सिगरेट ओढणाऱ्यांना जवळजवळ दीडपट वेळ लागला. लाळ तपासली तेव्हा कारण सापडलं. ओढणाऱ्यांच्या लाळेत आम्ल मारण्याची ताकदच कमी होती. त्यांना छातीत जळजळीची तक्रारही नव्हती, तरी हा फरक होता. म्हणजे दुखणं सुरू होण्याच्या आधीच संरक्षण पातळ झालेलं असतं.

आता आपल्या माणसाची रात्र पुन्हा पाहू. साडेनऊला पोटभर जेवण, त्यामुळे जठर ताणलेलं आणि आम्ल भरपूर. मग सिगरेट, कडं ढिलं. जिना चढून आला, खोकला. सव्वादहाला आडवा झाला, म्हणजे आता गुरुत्वाकर्षण मदतीला नाही, द्रव सपाटीवरून सरळ वर सरकतो. आणि झोप लागली की लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही अगदी विरळ होतं. आधीच ताकद कमी असलेली लाळ आता मिळेनाशीच होते. दुपारी दहा मिनिटांत निवळलं असतं ते आम्ल रात्री तासभर तिथेच बसून राहू शकतं. अन्ननलिकेचं अस्तर सोलवटतं ते मुख्यतः या रात्रीच्या वस्तीला आलेल्या आम्लामुळे. म्हणून १२ सिगरेटींपैकी कुठली सर्वांत महाग पडते असं विचारलं, तर मी शेवटची म्हणेन.

गोळीबद्दल इथेच बोलून टाकतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल तयार होणं कमी करतात. वर चढणं त्या थांबवत नाहीत. वर येणारा द्रव कमी आंबट होतो म्हणून आग कमी होते, बाकी झडप होती तशीच. शिवाय ही गोळी सकाळी खाण्याआधी साधारण अर्धा तास घ्यायची असते, कारण जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशी जेवणाने जाग्या होतात तेव्हाच ती त्यांना गाठते. नाश्त्यानंतर कधीतरी घेतलेली गोळी अर्धीमुर्धीच लागू पडते. कित्येकांची ‘गोळीनेही फरक नाही’ ही तक्रार एवढ्याने मिटते.

अल्सरची गोष्ट वेगळी आहे आणि ती जळजळीत मिसळून टाकली की घोटाळा होतो. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम. लहान आतड्यातल्या अल्सरचं दुखणं बेंबीच्या वर, पोटात, बहुतेक वेळा उपाशीपोटी किंवा रात्री एक-दोनला जाग आणणारं, आणि काही खाल्लं की तात्पुरतं शमणारं. अन्ननलिकेची जळजळ छातीच्या हाडामागे, जेवल्यावर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर. हा फरक ढोबळ आहे, दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि खात्री दुर्बिणीनेच होते.

अल्सरला तंबाखूचा संबंध आहे हे डॉक्टरांना फार आधीपासून जाणवत होतं. फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि सिगरेटचा संबंध दाखवणाऱ्या रिचर्ड डॉल यांनीच १९५८ साली लंडनमध्ये फ्रान्सिस एव्हरी जोन्स यांच्याबरोबर जठराच्या अल्सरच्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींना सिगरेट बंद करायला सांगितलं, काहींना त्याबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि काही आठवड्यांनी जखमेचं आकारमान मोजलं. बंद करायला सांगितलेल्यांची जखम जास्त भरली होती. पुढे १९८४ साली अमेरिकेत सॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा अल्सर भरून आलेल्या रुग्णांना वर्षभर पाहिलं. काहींना सिमेटिडिन हे त्या काळचं नामांकित औषध, काहींना नुसती साखरेची गोळी. साखरेच्या गोळीवर असलेल्या, सिगरेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचा अल्सर परतला, न ओढणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांचा. आणि खरी गंमत पुढे आहे. औषध चालू असूनही ओढणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांचा अल्सर परतला, म्हणजे औषध न घेणाऱ्या पण सिगरेट न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त. सिगरेट न ओढणं हे त्या औषधाच्या तोडीचं ठरलं, किंबहुना वरचढ.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सगळं चित्र पालटत होतं. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात एक वळणदार जिवाणू सापडला, आज आपण त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो. लोक विश्वास ठेवेनात तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जिवाणूचं द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सरची दोन मोठी कारणं मानली जातात: हा जिवाणू, आणि ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. अंगदुखीला दुकानातून मागून घेतलेल्या, आणि रिकाम्या पोटी चहाबरोबर गिळलेल्या.

मग सिगरेटचं काय? तिची जागा मदतनिसाची. जिवाणू किंवा गोळ्या अस्तराला इजा करतात, आणि सिगरेट त्या अस्तराची दुरुस्ती अडवते. अस्तर शाबूत ठेवायला रक्ताचा पुरवठा लागतो, तो निकोटिनमुळे आखडतो. श्लेष्मा आणि बायकार्बोनेट लागतं, ते बनवायला सांगणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ओढणाऱ्यांत कमी असतात. लहान आतड्यात जठरातून आम्ल उतरतं तेव्हा स्वादुपिंड भरपूर बायकार्बोनेट ओतून ते मारतं, आणि हे ओतणंही सिगरेटनंतर मंदावतं. सिगरेटमुळे आम्ल वाढतं की नाही याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मला वाटतं, त्या वादात शिरायची गरजच नाही. आम्ल तेवढंच राहिलं तरी संरक्षण घटलं की निकाल तोच लागतो.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. जिवाणूचा पूर्ण नायनाट झाला आणि वेदनाशामक गोळ्याही बंद असतील, तर सिगरेट चालू असूनही अल्सर परतण्याचं प्रमाण खूप कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा ‘सिगरेट सोडली नाही तर अल्सर जाणारच नाही’ हे विधान आज तसं खरं नाही. पण नायनाट होण्यातच सिगरेट आडवी येते. दोन आठवडे दोन-तीन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा हा कोर्स असतो, आणि ओढणाऱ्यांमध्ये तो फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जवळपास दुप्पट आढळलं आहे. भारतात हा जिवाणू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असल्याने हे काही दूरचं प्रकरण नाही. तपासणी करायची तर आणखी एक बारीक मुद्दा: श्वासाची किंवा शौचाची चाचणी करण्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. नाहीतर जिवाणू दबून राहतो आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. अल्सरमधून रक्त गेलेलं असेल तर मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता सोडल्यावर काय होतं ते. आपल्या लेथवाल्याने एका सोमवारी सिगरेट बंद केली असं धरू. कड्याचं म्हणाल तर फायदा त्याच दिवशी सुरू होतो, कारण निकोटिनचा परिणाम तेवढ्यापुरताच असतो. प्रत्येक सिगरेटीमागे येणारा तो ढिलेपणा आता नाही. पण एका-दोन दिवसांत छाती शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन दिवस सिगरेट बंद ठेवून केलेल्या मोजमापांत दिवसा आम्ल वर येण्याच्या वेळा कमी झाल्या, तरी अन्ननलिका एकूण आम्लात राहण्याचा काळ फारसा बदलला नाही. सोलवटलेलं अस्तर भरायला आठवडे लागतात. खोकला तर सुरुवातीला वाढूही शकतो, कारण श्वासनलिकेतली धुराने गारठलेली केसाळ आवरणं पुन्हा कामाला लागून कफ वर ढकलू लागतात. तो ओसरला की पोटावरचा दाबही कमी होतो.

जपानमध्ये सिगरेट सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला आणि तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची सिगरेट खरोखर सुटली त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांची जळजळीची तक्रार सुधारली, ज्यांची सुटली नाही त्यांच्यात सुमारे १८ टक्क्यांची. फरक मोठा आहे, पण सोडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार सुधारली नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

कोणाची सुधारते आणि कोणाची नाही, याचं उत्तम उत्तर नॉर्वेने दिलं. तिथल्या नूर-ट्रोंडेलाग भागात सगळ्या प्रौढांना बोलावून आरोग्याची पाहणी होते. १९९५ ते ९७ या काळात पाहिलेल्या लोकांपैकी जवळजवळ ३० हजार जण २००६ ते ०९ मध्ये पुन्हा तपासले गेले. आधी तीव्र जळजळ असणाऱ्यांपैकी ज्यांनी मधल्या काळात सिगरेट सोडली, त्यांची तक्रार सुधारण्याची शक्यता सिगरेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. पण हे सरसकट नव्हतं. फायदा स्पष्ट दिसला तो दोन अटी पूर्ण करणाऱ्यांत: आठवड्यातून निदान एकदा आम्लविरोधी औषध घेत होते, आणि वजन प्रमाणात होतं. लठ्ठ माणसांत सिगरेट सोडल्याने जळजळीत फरक दिसला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं की चमकायला होतं, पण शरीराच्या दृष्टीने ते सरळ आहे. पोटावरच्या चरबीचा दाब जठरावर चोवीस तास असतो. तो इतका असेल की त्यापुढे कड्याची थोडी वाढलेली आवळ पुरी पडत नाही, तर सिगरेट सोडून मिळालेला फायदा झाकला जातो. आणि इथेच सोडणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. सिगरेट बंद झाल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. भूक लागते, तोंडाला काहीतरी हवं असतं, आणि निकोटिनमुळे थोडा वाढलेला चयापचय खाली येतो. लेथवाल्याच्या ६४ किलोचे ६८ झाले तर बिघडत नाही. तोच माणूस ८८ किलोचा असता आणि ९३ वर गेला असता, तर वर्षभराने म्हणाला असता, ‘सिगरेट सोडली, जळजळ तशीच.’ आणि तो खोटं बोलत नसता. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला सिगरेट सोडण्याबरोबरच पट्ट्याचं भोक जिथे आहे तिथेच ठेवण्याची तयारी करावी लागते, एवढंच.

दुसरी फसगत निकोटिनच्या च्युइंगमची. ते औषधाच्या दुकानात मिळतं, उपयोगी आहे, पण बहुतेक जण ते साध्या गमसारखं कचाकचा चघळतात. मग निकोटिन सुटून लाळेत येतं आणि गिळलं जातं. उचक्या, मळमळ, आणि वर छातीत जळजळ. सिगरेट सोडून जळजळ वाढली अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. पद्धत अशी: हळू चघळायचं, तिखट झिणझिण लागली की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण संपली की पुन्हा चार वेळा चघळायचं. अर्धा तास पुरतो. चहा, कॉफी, ताक, लिंबूपाणी त्याच्या पाव तास आधीपासून नको, कारण आंबट तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगरेट लागते, त्याच्यासाठी ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांसाठी २ चा. जळजळ फारच असेल तर दंडावर लावायची पट्टी बरी, तिच्यात गिळण्याचा प्रश्न येत नाही. पट्टीतलं निकोटिनही कड्याचा दाब थोडा उतरवतं हे खरं, पण धूर नाही, खोल झुरका नाही, खोकला नाही, आणि दोन-तीन महिन्यांत ती उतरवायचीच असते.

सिगरेट सोडल्यावर कित्येकांना बद्धकोष्ठ होतं, सकाळचा कोठा जणू त्या पहिल्या सिगरेटीवरच चालत होता. कुंथल्याने पोटावरचा दाब वाढतो, म्हणून याकडेही दुर्लक्ष नको. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि दोन-तीन आठवडे धीर.

महाराष्ट्राचं एक वेगळेपण इथे नोंदवायला हवं. २०१६-१७ च्या तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या राज्यात प्रौढांपैकी जेमतेम ४ टक्के धूम्रपान करतात, आणि सुमारे २४ टक्के तंबाखू खातात किंवा मिश्रीसारखी लावतात. त्यामुळे इथे सिगरेट सोडणारा माणूस पुष्कळदा तंबाखू-चुन्याच्या पुडीकडे वळतो, आणि त्याला वाटतं, धूर गेला म्हणजे सुटलो. फुप्फुसाला उसंत मिळते, खोकला कमी होतो, हे मान्य. पण निकोटिन तसंच येत राहतं, चुन्यामुळे तर तोंडातून अधिक झपाट्याने शोषलं जातं, आणि तंबाखूचा रस थोडा तरी घशाखाली जातोच. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर सोडाच. जळजळीच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे.

काही गोष्टी सिगरेट सोडून जात नाहीत. जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला असेल, त्याला हायटस हर्निया म्हणतात, तर कडं आपल्या जागेवरच नसतं आणि जळजळ बऱ्याच अंशी राहते. घास अडकणं, वजन विनाकारण घटणं, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, तपासणीत हिमोग्लोबिन उतरलेलं, यांपैकी एकही असेल तर सिगरेट सोडून वाट पाहत बसायचं नाही, दुर्बीण करून घ्यायची. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं.) आणि सिगरेट ओढणाऱ्याच्या छातीतली प्रत्येक आग पोटाचीच असते असंही नाही. जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी, घाम फुटवणारी जळजळ हृदयाची असू शकते. तिच्यावर सोडा पिऊन पाहण्यात वेळ घालवणारे लोक इस्पितळात उशिरा पोचतात.

आपल्या लेथवाल्याला यांपैकी काही नव्हतं असं धरू. डॉक्टरांनी त्याला सिगरेट पूर्ण बंद करायला सांगितलं, गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली, रात्रीचं जेवण साडेसातला आणून पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटांवर सहा इंच उचलायला लावले. नुसत्या जास्त उशा घेतल्या तर माणूस कमरेत मोडतो आणि पोटावरचा दाब वाढतो, म्हणून विटा. तीन-चार आठवड्यांत रात्रीची आंबट पाण्याची तक्रार थांबली, दोन महिन्यांनी दिवसाही विसर पडला. या टप्प्यावर बहुतेकांना गोळी एकदम टाकून द्यावीशी वाटते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केली की जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल बनवतं, जळजळ उसळते, आणि माणूस म्हणतो, सिगरेट सोडूनही काही उपयोग झाला नाही. म्हणून त्याची गोळी आधी एक दिवसाआड केली, महिन्याने दोन दिवसांआड, मधल्या दिवशी लागलंच तर साधं अँटासिड. सिगरेटीची तलफ मात्र दुपारच्या जेवणानंतर अजून येते. त्यासाठी पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्याने मोबाइलमध्ये साठवून ठेवला आहे.